लोणच्यातली साखर

चंद्रपूरच्या प्रदर्शनात मी एका बरणीचं पाच मिनिटं कौतुक केलं. समोर नागपूरकडचं एक जोडपं उभं होतं. मी त्यांना सांगितलं की ही कैरी आमच्या माणिकगडाच्या बाजूची, फोडी माझ्या आईनं स्वतः केलेल्या, मोहरीची डाळसुद्धा घरची. जोडप्याला पटलं. त्यांनी बरणी उचलली, १४० रुपये काढले आणि ते पैसे शेजारच्या स्टॉलवरच्या बाईंनी घेऊन कमरेच्या पिशवीत टाकले. बरणी त्यांची होती.

चूक माझी नव्हती. दोन स्टॉलांमध्ये एकच टेबल होतं आणि त्यावर पन्नासेक बरण्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. प्रत्येकीवर पिवळं लेबल, लाल अक्षरं, दोन पानांसकट एक कैरी आणि डोक्यावर पदर घेतलेली एक हसरी बाई. बाईसुद्धा सगळीकडे तीच. चंद्रपूर जिल्ह्यातलं सगळं लोणचं ही एकटीच घालत असावी असं वाटावं. आमची बरणी कुठे आहे, हे ज्यानं ती घरून उचलून आणली त्या मलाच कळेना, तर गिऱ्हाइकाला काय कळणार!

परतीच्या एसटीत बायको राजुऱ्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. राजुऱ्याला म्हणाली, "तुमचं अक्षर चांगलं आहे ना? मग लेबल तुम्ही करा."

हे अक्षर माझ्या आयुष्यातलं मोठं संकट आहे. मी शाळामास्तर. फळ्यावरचा सुविचार मी लिहायचा, लग्नाच्या पाकिटांवर नावं मी घालायची आणि गावात कोणी गेलं की चौकातली दुःखद बातमीही मीच लिहायची. कोणी जास्त आजारी असलं की त्याच्या घरचे लोक मला रस्त्यात जरा जास्तच आदरानं नमस्कार करतात. आता लोणचंही माझ्या गळ्यात आलं.

लोणचं विकणाऱ्या बायकांच्या गटाची बैठक आमच्या ओसरीवर भरली. अकरा बायका, आई आणि मी. लेबलवर काय असावं, असं मी विचारलं. हा प्रश्न विचारायचा नसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "माणिकगड किल्ला पाहिजे. आपली शान आहे ते."

कोषाध्यक्ष म्हणाल्या, "चंद्रपूर म्हटलं का वाघ पाहिजे जी. लोकं ताडोब्यासाठीच येतेत."

"शाकाहारी लोणच्यावर वाघ?" मी म्हणालो.

"मग? तो काय लोणचं खाऊन राह्यला का? उभाच तर राह्यते."

एका ताईंना कुलदैवत हवं होतं. एकीला सगळ्या सभासदांची नावं. एकीच्या मते नुसती नावं देऊन कोणी ओळखत नाही, फोटो पाहिजेत. माझ्या भाच्यानं क्यूआर कोड सुचवला. तो स्कॅन केल्यावर काय दिसेल, हे विचारल्यावर तो म्हणाला, "ते नंतर ठरवू." आई कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "लोणचं लिहान का नाही त्याच्यावर?"

तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मी यादी घेऊन गावातल्या फ्लेक्सवाल्याकडे गेलो. त्या बिचाऱ्याचा हात वाढदिवसांवर बसलेला. त्यानं दोन तासांत लेबल करून दिलं. मध्यभागी किल्ला, किल्ल्यावर वाघ, वाघाच्या डोक्यामागे सूर्याची किरणं आणि खाली एका ओळीत अकरा जणींचे अकरा गोल फोटो. फोटोंवर त्यानं सवयीनं "शुभेच्छुक" असं टाकलं होतं. लोणचं हा शब्द वाघाच्या शेपटीखाली होता. प्रत्यक्ष आकारात छापून पाहिलं तेव्हा एकेक सभासद मोहरीच्या दाण्याएवढी झाली होती, आणि अध्यक्षबाई कोणत्या यावरून गटात आठ दिवस अबोला होता.

तेव्हा मी शिंपी होऊन बरणीचं माप घ्यायला बसलो. हे आधी करायला हवं होतं, पण मास्तरकी करणारा माणूस आधी शिकवतो आणि मग वाचतो. आमची अर्ध्या किलोची काचेची बरणी सात सेंटिमीटर व्यासाची. म्हणजे घेर बावीस सेंटिमीटर. बावीस ऐकून मला फार बरं वाटलं होतं, एवढ्या जागेत वाघ धावूसुद्धा शकतो. मग मी कागदाची पट्टी घेतली, तिच्यावर एकापुढे एक "क" काढले, पट्टी बरणीभोवती गुंडाळली आणि पाच पावलं मागे सरकलो. मधले पाच-सहा "क" नीट दिसले. बाजूचे आखडत, दुमडत, कडेला जाऊन पार सपाट झाले. गोल बरणीचा अर्धा घेर समोरून दिसतो खरा, पण तिच्या मध्यापासून साठ अंश बाजूला गेलं की अक्षराची रुंदी डोळ्याला निम्मीच भरते, आणि निम्म्या रुंदीचं अक्षर हे अक्षर नसून अफवा असते. मध्यापासून दोन्हीकडे साठ-साठ अंश म्हणजे घेराचा तिसरा हिस्सा. बावीस सेंटिमीटरमधले माझ्या पदरात पडले सात.

उंचीचंही तसंच. बरणी आठ सेंटिमीटर सरळ आणि वर तिचे खांदे उतरते. खांद्यावर लेबल चढवलं की त्याला चुण्या पडतात, कारण सपाट कागद एका दिशेनं वळतो, दोन दिशांनी वळवला की नेसवता न आलेल्या नऊवारीसारखा दिसतो. म्हणजे वर-खाली थोडी जागा सोडून सात बाय साडेपाच. शाळेतल्या मुलाचं कंपासपेटीवरचं नाव याहून ऐसपैस असतं. एवढ्या जागेत किल्ला, वाघ, कुलदैवत आणि अकरा शुभेच्छुक. बैठकीत मी हे मोजून दाखवलं. कोषाध्यक्ष म्हणाल्या, "मग मोठी बरणी घ्या."

यानंतर मला कलावंताचा झटका आला. मोठ्या शहरातल्या दुकानात मी पारदर्शक लेबलं पाहिली होती. काचेवर नुसती अक्षरं तरंगतात आणि मागून माल दिसतो. मी ठरवलं, कागदच नको. चंद्रपूरहून पारदर्शक स्टिकर छापून आणले, लाल रंगात, वळणदार अक्षरांत. रिकाम्या बरणीवर लावलं आणि ओसरीवर उन्हात ठेवलं. बायकोसुद्धा म्हणाली, "छान आहे हो." लग्नाला बावीस वर्षं झाली, हे वाक्य तिनं दुसऱ्यांदा उच्चारलं.

मग आईनं बरणी भरली.

लोणचं जसजसं वर चढत गेलं तसतसं नाव बुडत गेलं. आधी वेलांटीचं टोक गेलं, मग काना, मग "क"चं पोट, आणि शेवटी गोदावरीच्या पुरात गाव जावं तसं सगळंच लाल लोणच्याखाली गेलं. वर एक मात्रा तेवढी तेलात शिल्लक राहिली. झालं असं होतं की छपाईची शाई ही रंगाच्या भिंगासारखी पारदर्शक असते. पांढऱ्या कागदावर ती लाल दिसते ते कागदाच्या जिवावर. पारदर्शक फिल्मवर अक्षराखाली आधी पांढऱ्या शाईचा एक थर द्यावा लागतो, तेव्हा अक्षराला पाठ मिळते. तो थर कोणी देत असेल तर महाग पडतो आणि आमच्याकडे कोणी देत नव्हतं. दोनशे स्टिकर वाया गेले. बायकोनं ते लिंबाच्या पाकाच्या बरण्यांवर लावले, तिथे ते उत्तम वाचता येतात. म्हणून आमच्या घरी वर्षभर लिंबाच्या पाकावर "कैरी" लिहिलेलं होतं.

दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो. पांढरा कागद, साधं अक्षर. मजकूर शाळेच्या संगणकावर टाइप केला आणि पेनड्राइव्हमध्ये घालून छापखान्यात दिला. आमच्या शाळेच्या संगणकावर प्रश्नपत्रिकांपासून दाखल्यांपर्यंत सगळं कृतिदेव फॉण्टमध्ये चालतं. हा जुना फॉण्ट आहे. त्यात संगणकाच्या पोटात मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांवर देवनागरीचे मुखवटे चढवलेले असतात. ज्या संगणकात हा फॉण्ट नाही तिथे मुखवटे गळून पडतात. छापखान्यातल्या संगणकात तो नव्हता. तिथल्या मुलानं पडद्यावर जे दिसलं ते प्रामाणिकपणे तीनशे प्रती छापलं. गठ्ठा उघडला तेव्हा प्रत्येक लेबलवर ठळक अक्षरांत होतं:

vkaC;kps yks.kps

मी म्हणालो, "अरे, हे वाचून नाही का पाहिलं?"

मुलगा म्हणाला, "सर, मला वाटलं तेलुगू आहे इंग्रजीत लिहिलेलं. तुमच्याकडं तिकडचे लोकं येतात ना."

त्याचंही खरं. तेलंगणाची हद्द आमच्यापासून फार लांब नाही, आणि आमच्या बाजारात आवकाय मागणारे निम्मे असतात. अध्यक्षबाईंना तर ते लेबल आवडलं. त्या म्हणाल्या, "परदेशी वाटते. दहा रुपये जास्त लावू." मी मात्र तेव्हापासून मजकूर युनिकोडमध्ये टाइप करतो, आणि छापखान्याला देताना अक्षरांचं चित्र करून देतो. चित्राला मुखवटा नसतो.

तिसऱ्या खेपेला सगळं वाचता येत होतं. बरण्या भरल्या, पुसल्या, लेबलं लावली, खोक्यात घातल्या. महिन्यानं खोकं उघडलं. आता लेबलं पारदर्शक झाली होती, फुकटात. झाकणाच्या आट्यांतून तेल पाझरलं, काचेवरून उतरलं आणि कागदानं ते प्यायलं. भजी ठेवलेल्या वर्तमानपत्रातून पलीकडची बातमी दिसते, तसं लेबलमधून लोणचं दिसत होतं. वर आमच्या गावाची हवा. आम्ही सिमेंटच्या गावचे लोक. इथे ओसरीवर ठेवलेल्या ताटावरसुद्धा संध्याकाळपर्यंत राखाडी सायीचा थर येतो. तेलावर ती धूळ अशी बसली की बरण्या उत्खननात सापडल्यासारख्या दिसायला लागल्या. माणिकगडाचं चित्र नसतानाही किल्ल्याचा भास झाला, एवढंच अध्यक्षबाईंचं समाधान.

मी लॅमिनेशन करून पाहिलं. पण कागदाच्या वरून प्लास्टिक लावलं तरी कापलेल्या कडा उघड्याच राहतात, आणि तेल हे पाहुण्यासारखं असतं, दार बंद केलं तर मागच्या पडवीतून येतं. कडेनं शिरून ते आत पसरलं. मग एका स्टिकरवाल्यानं मार्गावर आणलं. म्हणाला, कागद सोडा, प्लास्टिकच्या फिल्मचा पांढरा स्टिकर घ्या, त्यावर लॅमिनेशन घ्या, आणि कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा पहिल्यांदा उचलला जातो आणि एकदा उचलला की गिऱ्हाईक बोलता बोलता तो नखानं सोलत बसतं. शिवाय लेबल बरणी भरल्यावर लावायचंच नाही. लोणच्याचा हात लागलेली काच कितीही पुसली तरी तिच्यावर तेलाचा पापुद्रा राहतो आणि गोंद त्याच्यावर घसरतो. बरणी धुवायची, कडक वाळवायची, लेबल लावून तळहातानं मधून कडेकडे दाबायचं, आणि मग नरसाळ्यानं लोणचं भरायचं.

आई म्हणाली, "म्हणजे आधी बारसं आणि मग बाळंतपण."

आता कायदा. पुढची बाजू माझी असली तरी मागची बाजू सरकारची असते. पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, करणाऱ्याचा पूर्ण पत्ता, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ती तारीख, बॅच क्रमांक, अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा १४ आकडी क्रमांक, आणि असं बरंच. हे सगळं इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असायला हवं, सोबत दुसरी भाषा हवी तर लिहा. म्हणजे माझ्या आईचं लोणचं कायद्याच्या लेखी आधी अचार आहे, आणि मग तिची हौस म्हणून लोणचं. शाकाहाराचा हिरवा ठिपका हिरव्या चौकोनात टाकावा लागतो. तो पाहून आईनं विचारलं, "ह्या तीट काऊन लावला? आपल्या लोणच्याले कोणाची नजर लागते?" शेजारच्या स्टॉलची लागली होती, हे मी तिला सांगितलं नाही.

घटक लिहायला तिच्यासमोर बसलो. वजनानं सगळ्यांत जास्त असलेला घटक आधी, मग त्याहून कमी, असा उतरता क्रम लागतो.

"आई, मीठ किती?"

"लागते तेवढं."

"किती लागतं?"

"हाताले समजते ते."

"हाताला ग्रॅममध्ये किती समजतं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी आठवीच्या वर्गात नापास झाल्याची आठवण दोघांनाही झाली. शेवटी गनिमी कावा करावा लागला. ती लोणचं घालायला बसली की आधी मिठाचा, तिखटाचा, मोहरीच्या डाळीचा, मेथीचा, हळदीचा, हिंगाचा, सगळे डबे मी लपून तोलायचे, आणि तिचं झालं की परत तोलायचे. फरक म्हणजे तिचा हात. पाच किलो फोडींना तेल साधारण सव्वा लिटर, मीठ ९०० ग्रॅम, आणि पुढे तिखट, मोहरी, मेथी, हळद असं उतरत शेवटी हिंग. चार खेपा तोललं. मिठात चारही वेळा मिळून दहा ग्रॅमसुद्धा फरक नव्हता. मी तिला हे कौतुकानं सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तू माह्या डब्याले हात लावत होता. तरीच मेथीत पांढरे खडे दिसत होते."

हिंगानं अखेरीस घोळ घातला. बाजारात मिळणारा डबीतला हिंग हा एकटा हिंग नसतो, त्यात डिंक आणि बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. आणि गहू हा ज्यांना बाधतो त्यांना तो लेबलवर सांगावाच लागतो. म्हणून आमच्या कैरीच्या लोणच्यावर छोट्या अक्षरांत आहे की यात गहू आहे. हे वाचून आमच्या आळीतल्या एका काकूंनी घरोघरी सांगितलं की मास्तरांकडे लोणच्यात कणीक घालून वजन वाढवतात. बायकोला हिंगाची डबी घेऊन सात घरी फिरावं लागलं.

संपण्याच्या तारखेबाबत आईनं असहकार पुकारला. "लोणचं कुठं खराब होते? माह्या आजीचं सात वर्षं होतं." मी म्हटलं, बारा महिने लिहितो. तिला तो तिच्या हाताचा अपमान वाटला. बॅचच्या क्रमांकाला मात्र तिची हरकत नव्हती, कारण तिच्या डोक्यात बॅच असतातच: ते वादळ आलं होतं त्या दिवशीचं, लाइट गेली होती तेव्हाचं, आणि सूनबाई माहेरी होती ते चांगलं झालेलं. मी त्यांना आकडे दिले. तारखेचा शिक्का चकचकीत लॅमिनेशनवर मारला तर तो अंगठ्याबरोबर निघून यायचा. मग तारखेपुरती जागा लॅमिनेशनशिवाय ठेवली. तिथे पक्क्या शाईच्या मार्करनं लिहिलं, तर तेलकट बोट लागलं की तेही फिसकटतं, म्हणून वर पारदर्शक टेपचा तुकडा. एवढ्या बंदोबस्तात आमच्याकडे दागिनेसुद्धा नाहीत.

राहिली पुढची बाजू. सात बाय साडेपाच. इथे मला अचानक आठवलं की मला एक गोष्ट खरोखर येते. फळ्यावर लिहिलेलं शेवटच्या बाकावरून दिसलं पाहिजे, हे मी पंचवीस वर्षं सांभाळलं आहे. मी वेगवेगळी लेबलं लावलेल्या सहा बरण्या वर्गात नेल्या, टेबलावर मांडल्या आणि शेवटच्या बाकावरच्या पोरांना म्हटलं, वाचा.

जाड, फुगीर, लोणच्याच्या लेबलांवर असतं तसं अक्षर त्यांनी "केरी" वाचलं. जवळ जाऊन पाहिलं तर "कै"च्या दोन मात्रा जाडीमुळे एकमेकींत मिसळून एक झाल्या होत्या. देवनागरीत अर्धा अर्थ शिरोरेषेच्या वर राहतो, त्या माळ्यावर मोकळी जागा ठेवली नाही तर खाली कितीही सुबक काढा, उपयोग नाही. दुसरं, वेलबुट्टीचं अक्षर एकानं "करी" वाचलं आणि एकानं "काशी". पिवळ्यावर लाल जरा बरं दिसलं, पण हिरव्यावर लाल एका पोराला अजिबात दिसलं नाही. मला वाटलं मस्करी करतोय. मग मोबाइलवर त्याच बरणीचा काळा-पांढरा फोटो काढला तर मलाही दिसलं नाही, हिरवा आणि लाल दोन्ही एकाच राखाडीत गेले होते. तेव्हापासून मी प्रत्येक लेबलचा आधी काळा-पांढरा फोटो काढतो. रंग काढून घेतल्यावर जे उरतं तेच संध्याकाळी प्रदर्शनाच्या मांडवातल्या अंधूक बल्बखाली दिसतं.

पाचवं लेबल निळं होतं. लाल-पिवळ्याच्या गर्दीत निळं उठून दिसणार, हा माझा हिशेब. उठून दिसलंच. सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "सर, नीळ!"

सहावं अगदीच साधं. पांढरी पाटी, तिच्यावर काळ्याभोर जाड अक्षरांत, बोरूनं काढल्यासारखं, अडीच सेंटिमीटर उंचीचं एकच: कैरी. मात्रा मोकळ्या. लेबलच्या वर-खाली काच उघडी, म्हणजे लाल आणि पिवळा हे दोन्ही रंग लोणचंच पुरवतं, छापायला नकोत. शेवटच्या बाकावरून पोरांनी ते वाचलं. बाहेर व्हरांड्यातून जाणाऱ्या शिपायानंही वाचलं आणि आत येऊन विचारलं, "वाटून राह्यले का?"

गटात ते पसंत पडलं नाही. "औषधाची बाटली वाटते," कोषाध्यक्ष म्हणाल्या. "वाघ नाही तर नाही, निदान कैरीचं चित्र तरी." मी म्हटलं, आतमध्ये कैरीच्या अख्ख्या फोडी आहेत, काचेतून दिसतात, तिचं चित्र कशाला? "सगळ्यांच्याच लोणच्यावर राह्यते ना जी!" हाच माझा मुद्दा होता, पण तो माझ्याच विरोधात मांडला गेला. शेवटी तडजोड झाली. मागच्या बाजूला, पत्त्याच्या खाली, किल्ला नखाएवढा. वाघ रद्द. सभासदांचे फोटो क्यूआर कोडमध्ये. भाच्याचं अखेर ते ठरलं.

पुढल्या प्रदर्शनात टेबल तेच, बरण्या तशाच खांद्याला खांदा लावून. दारातून आत आलो आणि पिवळ्या गर्दीत आमच्या पांढऱ्या पाट्या दिसल्या, लग्नाच्या वरातीत शाळेचे गणवेश घालून आलेल्या पोरांसारख्या. लोक थेट येऊन "कैरी द्या", "लिंबू द्या" म्हणायला लागले. वास्त्यांचं लोणचं तेवढं मागे राहिलं. आमच्या भागात बांबूच्या कोवळ्या कोंबांना वास्ते म्हणतात, हे नागपूरच्या पलीकडच्यांना ठाऊक नाही. एका गृहस्थानं "वास्ते" मोठ्यानं वाचून विचारलं, "कोणाच्या वास्ते?" त्या लेबलवर खाली "बांबूचे कोंब" अशी एक ओळ घालावी लागली. पण शेजारच्या स्टॉलवरच्या त्याच बाई शेवटच्या दिवशी येऊन म्हणाल्या, "सर, आमचंही लेबल करून द्या ना, तुमच्यासारखंच सेम." मी नम्रपणे हसलो आणि बायकोनं माझ्या पायावर पाय दिला.

पावसाळ्यात राजुऱ्याला एका ओळखीच्यांकडे बसायला गेलो. ते आमचं जुनं गिऱ्हाईक. चहा ठेवत त्यांनी मुलीला हाक मारली, "अवो, लोणच्यातली साखर आण वो!"

मी दचकलो. मुलीनं फळीवरून बरणी आणली. तिच्यावर, शेवटच्या बाकावरून दिसेल असं, "कैरी". आत साखर. मी फळीकडे पाहिलं. तिथे ओळीनं पाच बरण्या उभ्या, पाचही आमच्या, पाचही कैरी. एकीत रवा, एकीत शेंगदाणे, एकीत चहापत्ती.

"तुमचं लेबल लई पक्कं आहे जी," वहिनी म्हणाल्या. "गरम पाण्यात रात्रभर भिजवलं, तारेच्या घासणीनं घासलं, रॉकेल लावलं. काहीच होत नाही. मागच्या आठवड्यात यांनी शिऱ्यात मीठ टाकलं."

यजमान खाली बघत होते.

"सर," वहिनी म्हणाल्या, "तुमचं अक्षर चांगलं आहे ना? याच्यावर जरा साखर लिहून देता?"

मुलीनं मार्कर आणून दिलं. लॅमिनेशनवर मार्कर चार दिवसही टिकत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. मी सगळ्या बरण्यांवर लिहून दिलं.